तोच मासा ताटात गेला तर एक नियम, प्रयोगशाळेत गेला तर दुसरा

'समुद्राचा नवा करार आलाय, आता मासेमारी बंद' असा मेसेज काही सभासदांनी मला पाठवला. तसं काही नाही. नेमकं काय आहे ते सांगतो.

आपलं तळं ठेक्यानं घेतलं की त्यातला मासा कुणाचा, हे कागदावर लिहिलेलं असतं. समुद्रातही किनाऱ्यापासून २०० सागरी मैल, म्हणजे साधारण ३७० किलोमीटरपर्यंत त्या-त्या देशाचा हक्क असतो. त्यापुढचं पाणी कुणाचंच नाही. तिथल्या जिवांवरून भांडण होतं. काही देश म्हणायचे, जो आधी पोचेल त्याचं. आपल्यासारखे देश म्हणायचे, तो सगळ्यांचा ठेवा आहे.

भांडण माशाच्या वजनाचं नव्हतं, जिवांच्या गुणसूत्रांतल्या माहितीचं होतं. कोरोनाच्या आरटीपीसीआर तपासणीत वापरलेलं एन्झाइम मुळात अमेरिकेतल्या गरम झऱ्यातल्या जिवाणूकडून मिळालं. तसेच गरम झरे समुद्राच्या तळाशीही आहेत. हिंदी महासागरात साडेचार हजार मीटर खोल असलेल्या अशा एका झऱ्याचे फोटो चेन्नई आणि गोव्याच्या सरकारी संस्थांच्या शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये काढले.

समजा, करारात सामील असलेल्या देशाचं जहाज अशा झऱ्यातले जिवाणू आणायला निघालं. तर शक्यतो सहा महिने आधी कराराच्या माहिती केंद्राला कळवायचं. केंद्र त्या मोहिमेला एक क्रमांक देतं. नमुने आणल्यावर ते कुठे ठेवलेत आणि त्यांची माहिती कुठल्या संगणकात आहे, हे एका वर्षाच्या आत सांगायचं. पुढे औषध निघालं, पेटंट घेतलं, तरी तो क्रमांक सोबत चालतो. पेटंटला बंदी नाही, पण समुद्रातल्या जिवावर कुठल्याही देशाला मालकी सांगता येत नाही. नुसती संगणकातली माहिती वापरली तरी करार लागू होतो.

आता मासेमारीचं. खाण्यासाठी, विकण्यासाठी पकडलेल्या माशाला हे नियम लागू नाहीत. पण त्याच माशातून गुणसूत्रं काढून संशोधन सुरू झालं, की तो या नियमांत येतो. मासा कशासाठी वापरला, त्यावर सगळं ठरतं.

अडचण पैशाची आहे. कमाईतला किती वाटा द्यायचा, हे करारात लिहिलेलं नाही, ते सदस्य देशांच्या सभेवर सोडलंय. तोवर श्रीमंत सदस्य देशांनी आपल्या वर्गणीच्या निम्मी रक्कम दरवर्षी खास निधीत जादा भरायची.

करार १९ जून २०२३ ला मंजूर झाला. भारतानं सप्टेंबर २०२४ मध्ये सही केली. पण नुसती सही पुरत नाही, देशानं रीतसर मान्यता दिली की मगच करार त्याला बांधतो. साठ देशांची मान्यता झाल्यावर १७ जानेवारी २०२६ पासून तो लागू झाला.

तेव्हा 'मासेमारी बंद'चा मेसेज पुढे पाठवू नका.

— सचिव