तीन छाप्यांचे छप्पन्न क्रम

नाणे आठ वेळा उडवले, तर नेमका तीन वेळा छापा पडण्याची शक्यता किती? छापे शून्यापासून आठपर्यंत कितीही पडू शकतात, म्हणजे नऊ शक्यता. तेव्हा उत्तर एक नवमांश, असे चटकन वाटते. पण या नऊ शक्यता समान नाहीत. आठही छापे एकाच रीतीने पडतात, तीन छापे मात्र कितीतरी रीतींनी.

आधी एकच क्रम घेऊ : पहिले तिन्ही छापे, पुढचे पाचही काटे. प्रत्येक फेकीत छाप्याची शक्यता निम्मी आणि एका फेकीचा दुसरीवर परिणाम नाही. म्हणून १/२ आठ वेळा गुणायचे : १/२५६. छापे दुसऱ्या, पाचव्या आणि सातव्या फेकीत पडले तरी हेच उत्तर येते. आता असे क्रम किती, एवढेच मोजायचे उरते.

म्हणजे आठ जागांपैकी तीन जागा छाप्यांसाठी निवडायच्या. छाप्यांना क्षणभर अ, ब, क अशी नावे देऊ. ‘अ’साठी आठ जागा मोकळ्या, मग ‘ब’साठी सात, ‘क’साठी सहा. ८ × ७ × ६ = ३३६. पण खऱ्या छाप्यांना नावे नसतात. ‘अ’ दुसऱ्या जागी आणि ‘ब’ पाचव्या, की उलट, समोर दिसणारी ओळ तीच. तीन नावे त्याच तीन जागांवर सहा प्रकारे मांडता येतात, म्हणून प्रत्येक ओळ आपण सहा वेळा मोजली आहे. ३३६ ला ६ ने भागले की ५६ उरतात. सूत्रातल्या छेदाचे काम एवढेच : नसलेल्या नावांमुळे वाढलेली मोजणी काढून टाकणे.

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (इ.स. ११५०) हीच मोजणी आठ द्वारे असलेल्या राजवाड्यावर केली आहे. एका वेळी एक, दोन, तीन द्वारे उघडी ठेवायची, तर प्रकार किती? त्यांची रीत मला फार सुंदर वाटते : ८, ७, ६ असे उतरते अंक वर आणि १, २, ३ असे चढते खाली मांडून क्रमाने गुणत-भागत जायचे. ८, मग २८, मग ५६. प्रत्येक टप्प्यावरचा आकडा हे स्वतःच एक उत्तर असते.

दोन वेगळे क्रम एकाच वेळी घडू शकत नाहीत, म्हणून त्यांच्या शक्यता बेरजेने जुळतात : ५६/२५६, म्हणजे ७/३२, सुमारे २१.९ टक्के. एक नवमांशाच्या जवळजवळ दुप्पट.

नाणे एका बाजूला झुकते असेल, समजा छाप्याची शक्यता ०.६ असेल, तर १/२५६ चालत नाही. पण तीन छाप्यांच्या कोणत्याही क्रमात ०.६ तीनदा आणि ०.४ पाचदाच गुणले जाते, म्हणून सगळे क्रम आपापसांत समानच राहतात. ५६ तसेच ठेवायचे. उत्तर येते सुमारे १२.४ टक्के. मात्र एका फेकीचा निकाल पुढच्या फेकीवर परिणाम करू लागला, तर क्रमांची ही समानता मोडू शकते. मग नुसते ५६ ने गुणून भागत नाही, प्रत्येक क्रमाचा हिशेब वेगळा करावा लागतो.