भारांकांआधीच लागतो निकाल

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, शिवाजीनगरला, महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला. अशा तालुक्यात आणखी एक जागा शोधायची, तर आता आधी संगणकावर नकाशांची बेरीज केली जाते. यातला प्रत्येक नकाशा म्हणजे एक रास्टर. त्यात जमिनीचे, समजा, ३० मीटर बाजूचे चौकोन पाडलेले असतात आणि प्रत्येक चौकोनात एक आकडा असतो. एका नकाशात ऊन, दुसऱ्यात जमिनीचा उतार, तिसऱ्यात वीज उपकेंद्राचं अंतर, चौथ्यात रस्त्याचं.

युनिट, टक्के आणि किलोमीटर यांची बेरीज होत नाही. म्हणून आधी प्रत्येक आकड्याचे १ ते ५ गुण करतात. सपाट जमिनीला ५, तीव्र उताराला १. मग भारांक ठरतात: ऊन ४० टक्के, उपकेंद्र २५, उतार २०, रस्ता १५. गुण गुणिले भारांक, आणि सगळ्यांची बेरीज. वाद भारांकांवरून होतात, पण खरी गोम गुण देण्यात असते.

समजा, तालुक्यात दर चौरस मीटरवर दिवसाला ५.३ ते ५.५ युनिट ऊन पडतं. एवढ्याच पट्ट्याचे पाच भाग केले, तर ५.४८च्या ‘अ’ जागेला ५ गुण आणि ५.३३च्या ‘ब’ जागेला १. उपकेंद्र, उतार, रस्ता यांत ‘अ’ला २, ३, ३ गुण, ‘ब’ला ५, ५, ४. बेरीज येते ‘अ’ ३.५५ आणि ‘ब’ ३.२५. म्हणजे ‘अ’ पहिली. पण दोन्हींच्या उन्हात फरक जेमतेम तीन टक्क्यांचा, आणि ‘अ’पासून उपकेंद्र मात्र लांब, म्हणजे वीजवाहिनीचा खर्च मोठा. उन्हाचे गुण ४ ते ६ युनिटांच्या पट्ट्यावर दिले, तर दोघींनाही ४ मिळतात. आता ‘अ’ ३.१५, ‘ब’ ४.४५. भारांक तेच, निकाल उलटा.

दुसरी अडचण बेरजेचीच. साक्रीच्या पश्चिमेला सह्याद्रीचे डोंगर आणि जंगल आहे. वनजमिनीला नुसता १ गुण दिला, तर बाकीचे चांगले गुण ती उणीव भरून काढतात आणि जंगलातला चौकोन यादीत वर येऊन बसतो. म्हणून वन, जलाशय, गावठाण यांचा वेगळा नकाशा करतात. निषिद्ध चौकोनात ०, बाकी ठिकाणी १. अंतिम बेरजेला त्याने गुणलं की अशा जागा बादच होतात.

यादी हाती आल्यावर प्रत्येक भारांक पाच-दहा टक्के वरखाली करून पुन्हा बेरीज करावी. त्यात जी जागा पहिल्या काहींत टिकते, तिथेच मोजणीदार पाठवावा. एवढ्यातेवढ्या बदलाने खाली घसरणारी जागा गुणांच्या पट्ट्यामुळे वर आली होती का, हे आधी तपासावं.