लाल रेघ नाही, तरी पॅम्प्लेट चुकलंय!

पॅम्प्लेट आणि बॅनरच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी विचारलं की मोबाईलमध्ये स्पेलचेक असताना पुन्हा वाचायचं कशाला? त्याचं उत्तर इथे जरा सविस्तर देतो.

आधी एक नमुना बघा. समजा खामगावातल्या एका कापड दुकानाचं पॅम्प्लेट छापायला चाललंय:

"वर्धापन दीनानिमित्त सर्व साड्यांवर २० टक्के सूत. विकलेला माळ परत घेतला जाणार. उद्धार बंद."

यात एकाही शब्दाखाली लाल रेघ येण्याचं कारण नाही. स्पेलचेक एकेक शब्द उचलतो, आपल्या शब्दकोशात आहे का बघतो आणि पुढे जातो. दीन म्हणजे गरीब, बापुडा. सूत म्हणजे धागा. माळ गळ्यात घालायची. उद्धार तर देवच करतो. सगळे खरे शब्द आहेत, फक्त तुम्हाला हवे होते ते दिन, सूट, माल आणि उधार. मोबाईलवर आपण इंग्रजी अक्षरांनी मराठी टाइप करतो. तिथे sut टाकलं की सुत, सूत, सूट यातलं काहीही समोर येऊ शकतं, आणि घाईत अंगठा पहिल्यावरच पडतो.

पण या चार चुकांवर गिऱ्हाईक फार तर हसेल. खरा फटका वेगळ्याच ठिकाणी आहे. "परत घेतला जाणार" यानंतरचा "नाही" गळालाय. वाक्य व्याकरणाने पूर्ण आहे, अर्थ मात्र बरोब्बर उलटा. उद्या कोणी तेच पॅम्प्लेट घेऊन, धुतलेली साडी परत करायला काउंटरवर आलं तर काय बोलाल?

आता पकडायचं कसं? मोठ्याने वाचा, पण मनातलं नाही, कागदावरचं. त्यासाठी शेवटच्या वाक्यापासून सुरू करून उलटं वर या, म्हणजे जीभ सवयीने पुढे धावत नाही. सूत, माळ, उद्धार कानाला लगेच खटकतात. "नाही" मात्र नुसत्या वाचण्याने सापडेलच असं नाही, कारण तिथे खटकायला काही नसतंच. म्हणून प्रत्येक अटीला विचारा: हे मी देतोय की नाकारतोय?

दिन आणि दीन मात्र कानाला सापडत नाहीत, कारण बोलताना आपण दोन्ही जवळपास सारखंच बोलतो. त्याला शब्द बदलून बघायचं. "दिवस" बसतोय का? बसला तर ऱ्हस्व दि. इंग्रजी कोटेशनमधल्या "इट्स"लाही हीच युक्ती. तिथे "इट इज" बसलं तर अपॉस्ट्रॉफी द्या, "त्याचं" असा अर्थ असेल तर देऊ नका. अफेक्ट आणि इफेक्टमध्ये बहुतेक वेळा अफेक्ट म्हणजे परिणाम करणं आणि इफेक्ट म्हणजे झालेला परिणाम. इंग्रजीत अशा काही चुकांना वर्डची निळी रेघ येते. मराठीत तिच्या भरवशावर राहू नका.

आपल्या धंद्यातल्या अशा जोड्यांची यादी करा आणि छापण्याआधी Ctrl+F करून एकेक शोधा. एक अडचण लक्षात ठेवा. सूत शब्दाला प्रत्यय लागला की "सुताचा" होतो, म्हणजे सू चा सु होतो. म्हणून दोन्ही रूपं शोधावी लागतात.

सगळ्यात महाग जागा म्हणजे अक्षरी रक्कम. चेकवर आकड्यात ६९,५०० आहे आणि अक्षरात "एकोणऐंशी हजार पाचशे". एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, सगळे शुद्ध शब्द! १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १८ सांगतं की आकडा आणि अक्षर वेगळे असतील तर अक्षरी रक्कम धरायची. म्हणजे कागदोपत्री तुम्ही दहा हजार जास्त लिहून दिले. प्रत्यक्षात बँक असा चेक बहुतेक परतच पाठवते, आणि व्यापाऱ्यासमोर तुमची पत जाते ती वेगळीच.

इथे स्वतः वाचून उपयोग नाही, कारण डोळा आकडा बघतो आणि तोंड तेच बोलतं. आकड्यावर अंगठा ठेवा आणि दुकानातल्या पोराला फक्त अक्षरं वाचायला सांगा. ऐकून तुम्ही कॅल्क्युलेटरवर रक्कम दाबा, मग अंगठा उचला. कोटेशन असो की बिल, अक्षरी रक्कम आली की हेच करायचं. पोरगा नसेल तर घरच्यांना फोन लावून वाचून दाखवा आणि आकडा त्यांना सांगू द्या. मात्र तुम्ही वाचताना आकड्यावर कागद झाकलेला पाहिजे.

तुमच्या धंद्यातल्या अशा जोड्या कमेंटमध्ये टाका. किराणा आणि कृषी केंद्रवाल्यांच्या खास हव्यात.