हेल्मेटच्या जाहिरातीतल्या चार ओळी

ऑनलाइन हेल्मेट घेताना बहुतेकांचं लक्ष रंग आणि किमतीकडे जातं. खरी माहिती खालच्या चार ओळींत असते.

‘साइज एम, ५८० मिमी’ म्हणजे डोक्याचा घेर ५८ सेंटिमीटर. शिंप्याची टेप भुवयांच्या जरा वर, मागच्या फुगीर भागावरून फिरवून तो मोजावा. घेर ५८ असताना ‘सैल बरं’ म्हणून ६०० मिमीचं घेतलं, तर धडकेत ते फिरतं किंवा निसटतं. नवं हेल्मेट गालांना घट्टच लागायला हवं.

कवच एबीएस प्लास्टिकचं असो वा फायबरग्लासचं, आघात मुख्यतः आतला थर्मोकोलसारखा थर दबून शोषतो.

‘आयएसआय दर्जाचं’ हे शब्द पुरेसे नाहीत. शिक्क्यावर ‘IS 4151’ आणि खाली ‘CM/L’ने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. तो ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की उत्पादकाचं नाव दिसतं. जाहिरातीतलं नाव वेगळं निघालं, तर ते हेल्मेट घेऊच नये.

बदलण्याची मुदत कंपन्या साधारण तीन ते पाच वर्षं सांगतात. अपघात झाला, तर मात्र लगेच बदलावं: दबलेला थर पुन्हा फुगत नाही आणि बाहेरून तडाही दिसत नाही.