पासबुकातली चार तारीख

कर्ज मंजूर करणारा अधिकारी खात्यात किती पैसे आले हे पाहतोच, पण ते कधी आले आणि किती दिवस टिकले, हे जास्त बारकाईने पाहतो. समजा, एका कापड दुकानदाराचा १८,००० रुपयांचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला कापला जातो. ४ तारखेला १८,५०० रुपये रोख भरलेले दिसतात, ६ तारखेला शिल्लक उरते ७०० रुपये. सहा महिने हेच चित्र असेल, तर हप्ता एकदाही चुकलेला नसूनही अधिकारी थबकतो. ही रोकड गल्ल्यातली की हातउसनी? विक्रीची रोकड बहुधा थोडी थोडी, महिनाभर जमा होत राहते.

चेक परत येण्याचेही दोन प्रकार आहेत. गिऱ्हाइकाने दिलेला चेक वटला नाही, तर दोष दुकानदाराचा नसतो. मात्र असे चेक वारंवार परत येत असतील, तर उधारी बुडण्याची भीती असते. त्याने स्वतः दिलेला चेक पुरेशा रकमेअभावी परत गेला, तर ते खरे गंभीर. सही न जुळल्याने परत गेलेला चेक त्या मानाने किरकोळ, म्हणून परतीचे कारण अर्जासोबत लेखी द्यावे.