एका बिटाची आठवण

हजारातून 320 वजा करायचे असतील तर हातचे न घेताही उत्तर मिळतं. उजवीकडून सुरुवात करा. शेवटचं शून्य तसंच राहू द्या, त्यानंतरचा 2 दहातून वजा करा आणि पुढचा 3 नवातून. झाले 680.

संगणकात वजा संख्या लिहिण्याची रूढ रीत, टूज कॉम्प्लिमेंट, याच हिशेबावर चालते. आठ बिटांत उणे वीस म्हणजे 256 वजा 20. फक्त इथे दहाच्या जागी दोन येतात आणि नवाच्या जागी एक. दोनातून एक गेला की एकच उरतो, म्हणून उजवीकडून भेटणाऱ्या पहिल्या 1 पर्यंत, तो धरून, काहीच बदलत नाही. त्यानंतरचा प्रत्येक बिट उलटा होतो. पाठ्यपुस्तकातलं ‘सगळे बिट उलटे करा आणि एक मिळवा’ याचंही उत्तर हेच येतं.

आता बिट एकाच तारेवरून, क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला एक, असे येत आहेत असं समजा. 1949 साली केंब्रिजमध्ये सुरू झालेला एडसॅक संगणक असाच बिटामागून बिट हिशेब करायचा. सर्वांत कमी किमतीचा बिट आधी आला, तर यंत्राने लक्षात ठेवायची गोष्ट एकच: 1 येऊन गेला का? म्हणून अवस्था दोनच आणि त्यासाठी एक फ्लिप-फ्लॉप पुरतो. बिट उलट्या क्रमाने आले, तर पुढे कुठे 1 आहे की नाही हे कळेपर्यंत उत्तर अडून बसतं.

येणारा बिट `x`, आठवण `q` आणि बाहेर जाणारा बिट `z` धरला, तर सगळं यंत्र एवढंच:

```
z = x ^ q
q_next = q | x
```

एक एक्सॉर गेट आणि एक ऑर गेट. वीस म्हणजे 00010100. बिट येतात 0, 0, 1, 0, 1, 0, 0, 0 आणि बाहेर पडतात 0, 0, 1, 1, 0, 1, 1, 1. सरळ वाचलं तर 11101100, म्हणजे 236. हेच उणे वीस.

खरी मेख `q` पुन्हा शून्य करण्यात आहे. ते राहिलं, तर पुढच्या संख्येचे सगळेच बिट उलटतात आणि दुसऱ्या विसाचं उत्तर उणे एकवीस येतं. पहिलं उत्तर बरोबर आणि नंतरची एकेकाने कमी दिसली, की गेटं तपासत बसू नये, रिसेट पाहावा. तो ठोकाभर आधी झाला, तर शेवटचा बिट उलटत नाही आणि विसाचं उत्तर चक्क 108 येतं. क्लॉकबरोबर चालणारा रिसेट शेवटच्या बिटाच्या ठोक्यालाच द्यावा.

एक संख्या मात्र या यंत्राला चकवते. 10000000, म्हणजे उणे 128, आत गेली की तशीच बाहेर येते, कारण आठ बिटांत अधिक 128 मावतच नाही. ही तपासणी वेगळी करावी लागते.