हजार विटांना सिमेंट किती?

घर बांधायला काढलं की पहिल्याच आठवड्यात गवंडी विचारतो, "माल कितीचा धरायचा, एकास सहा की एकास चार?" मालकाला त्यातलं एवढंच कळतं की आकडा लहान म्हणजे सिमेंट जास्त, आणि सिमेंट जास्त म्हणजे भिंत पक्की. मग तो घाईघाईने "एकास चार" सांगून मोकळा होतो. खरं तर या उत्तराने वाळूच्या खर्चात फारसा फरक पडत नाही आणि सिमेंटच्या खर्चातही निम्मंच ठरतं. उरलेलं ठरतं गवंडी दोन विटांमध्ये किती जाड थर घालतो त्यावर, आणि तो प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

हिशोब अवघड नाही, एकदा हाताने करून पाहावा. आपल्याकडच्या भट्टीची नेहमीची वीट धरू: ९ इंच लांब, ४ इंच रुंद, ३ इंच जाड. अशा हजार विटांचं आकारमान साडेबासष्ट घनफूट भरतं. प्रत्येक विटेभोवती १० मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंचाच्या निम्म्याहून किंचित जास्त, सांधा ठेवला तर त्याच विटा भिंतीत साधारण ८१ घनफूट जागा घेतात. मधला फरक १९ घनफुटांचा, आणि तोच भरायचा माल. विटेच्या वरची खाच भरायला लागतो तो, आणि थापीवरून खाली पडून वाया जातो तो, असा १५ टक्के वाढवला की पावणेबावीस घनफूट ओला माल होतो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायची. सिमेंट आणि वाळू कोरडी मोजली आणि पाणी घालून कालवली की आकारमान कमी होतं, कारण सिमेंट वाळूच्या दाण्यांमधल्या पोकळ्यांत जाऊन बसतं. म्हणून ओल्या मालाच्या सुमारे एक-तृतीयांश जास्त कोरडं सामान लागतं. आपल्या हजार विटांना ते २९ घनफूट होतं. पुढे नुसता भागाकार. एकास सहा म्हणजे एकूण सात वाटे, त्यातला एक सिमेंटचा: ४.१४ घनफूट. ५० किलोची गोणी १.२३ घनफुटांची असते, म्हणजे ३.४ गोण्या, बोलण्यात साडेतीन. उरलेली २५ घनफूट वाळू.

हाच भागाकार बाकीच्या प्रमाणांना करून पाहा. एकास पाचला जवळजवळ चार गोण्या आणि २४ घनफूट वाळू लागते. एकास चारला पावणेपाच गोण्या आणि २३ घनफूट. एकास तीनला सिमेंट सहा गोण्यांपर्यंत चढतं, वाळू २२ घनफुटांवर येते. दुसऱ्या टोकाला एकास आठ धरला तर अडीच गोण्यांच्या थोडं वर सिमेंट आणि २६ घनफूट वाळू. सिमेंट दुपटीहून जास्त बदललं, पण वाळू २२ ते २६ च्या आतच राहिली. ब्रास म्हणजे १०० घनफूट, तेव्हा प्रमाण कोणतंही असो, चार हजार विटांना एक ब्रास कोरडी वाळू हा ठोकताळा चालतो. गावातल्या जुन्या गवंड्याला हा आकडा तोंडपाठ असतो.

प्रमाण निवडायचं कसं, तर भिंतीची जाडी आणि विटेचा दर्जा बघून. भिंतीच्या बांधकामासाठीच्या आय.एस. १९०५ या भारतीय मानकात एकास सहाच्या मालाची ताकद २८ दिवसांनी दर चौरस सेंटिमीटरला ३० किलोच्या आसपास धरली आहे, एकास पाचची ५०, आणि एकास आठची जेमतेम सात. साध्या विटेच्या सर्वांत खालच्या वर्गाची ताकद ३५ किलो आहे. म्हणजे ९ इंची भिंतीला एकास सहाचा माल अशा विटेच्या तोडीचा झाला. त्याच विटेला एकास तीनचा माल लावून भिंत तिप्पट मजबूत होत नाही. उलट सिमेंट जास्त असलेला माल वाळताना जास्त आकसतो, आणि तडा मालात न जाता विटेतून जातो. चार इंची पार्टिशनची गोष्ट वेगळी. तिथे भिंत सडपातळ असते आणि दारं-खिडक्यांचे धक्के बसतात, म्हणून एकास चार धरतात आणि दर तीन-चार थरांनी सहा मिलिमीटरच्या सळ्याही टाकतात.

आता खरा हिशोब. आतून १० बाय १२ ची एक खोली घ्या. भिंती ९ इंची, १० फूट उंच, एक ३ बाय ७ चं दार आणि ४ बाय ४ च्या दोन खिडक्या. भिंतींची मध्यरेषा ४७ फूट भरते. दार-खिडक्या वजा जाऊन ४१७ चौरस फूट भिंत उरते, आणि पाऊण फूट जाडीने ती ३१३ घनफूट होते. १० मिलिमीटरच्या सांध्याने तिला ३,८५० विटा लागतात. तुटफूट धरून चार हजार मागवाव्यात. एकास सहाने सिमेंट १३ गोण्या. एकास चारने १८.

आता प्रमाण एकास सहाच ठेवा, पण सांधा १० ऐवजी १५ मिलिमीटरचा होऊ द्या. साइटवर हे सर्रास होतं आणि नजरेला खुपतही नाही. विटा ३,४२० वर येतात, पण दर हजारी मालाचं प्रमाण दीडपट होतं. त्याच खोलीला सिमेंट पावणेअठरा गोण्या लागतं आणि वाळू पाऊण-एक ब्रासच्या जागी एक ब्रास तीस घनफूट. एकास चारइतकं सिमेंट गेलं आणि भिंत मात्र एकास सहाचीच राहिली. राहिली म्हणणंही उदारपणाचं आहे, कारण सांधा जाड झाला की भिंतीची भार पेलण्याची ताकद घटते आणि माल आकसायलाही जास्त वाव मिळतो. या प्रकारात सव्वाचारशेच्या वर विटा वाचतात, म्हणून एकूण पैशात तोटा लगेच दिसत नाही. दिसतं ते एवढंच की काम अर्ध्यावर असताना सिमेंट संपलं. मग मालकाला वाटतं गोण्या चोरीला गेल्या, आणि गवंड्याला वाटतं इंजिनिअरने हिशोब चुकवला.

हे तपासायला टेप पुरतो. आधी दहा विटा एकावर एक कोरड्याच रचून मोजा. तीन इंची वीट खरोखर तीन इंचाची असेल तर ३० इंच भरतील. मग बांधलेल्या भिंतीचे दहा थर मोजा. ३४ इंच आले तर सांधा १० मिलिमीटरचा आहे. ३६ आले तर तो १५ चा झाला आहे. पहिल्याच दिवशी मोजलं तर वाद होत नाही, गवंडी दोरी थोडी खाली घेतो. मात्र दोष दर वेळी त्याचाच नसतो. भट्टीत वाकलेल्या, लहानमोठ्या विटा आल्या तर त्या ओळंब्यात बसवायला तो बिचारा मालानेच भर घालणार. म्हणून विटांची गाडी उतरवून घेताना चार विटा शेजारी ठेवून पाहाव्यात.

दुसरी गफलत मोजमापात होते. साइटवर एक गोणी सिमेंट ओततात आणि वाळू घमेल्याने घालतात, कधी शीग लावून, कधी सपाट. घमेल्याचं माप प्रत्येक साइटला वेगळं असतं. त्यापेक्षा लाकडी किंवा पत्र्याचा खोका करून घ्यावा, आतून ३५ सेंटिमीटर लांब, २५ रुंद, ४० उंच. हा बरोबर एका गोणीच्या मापाचा आहे. एकास सहा म्हणजे एक गोणी आणि असे सहा खोके, वरून फळीने सपाट केलेले.

तरी ओलसर वाळू फसवतेच. वाळूत पाच-सहा टक्के ओल असली की दाण्यांभोवतीच्या पाण्याच्या पापुद्र्यामुळे दाणे एकमेकांपासून लांब राहतात आणि वाळू २५ टक्क्यांपर्यंत फुगते. बारीक वाळू त्याहूनही जास्त. गंमत अशी की पूर्ण बुडवली की ती पुन्हा कोरड्या मापावर येते. काचेच्या सरळ ग्लासात पाहता येतं: ओलसर वाळू १० सेंटिमीटर उंचीपर्यंत न दाबता भरा, बाहेर काढा, ग्लास अर्धा पाण्याने भरून तीच वाळू पुन्हा घाला आणि काडीने ढवळून बसू द्या. ती आठ सेंटिमीटरवर आली तर २५ टक्के फुगलेली होती. अशा वाळूचे सहा खोके खरे पावणेपाचच्या आसपास असतात. माल एकास सहाचा न होता जवळजवळ एकास पाचचा होतो, आणि हजारी साडेतीनच्या जागी चार गोण्या जातात. भिंत त्याने कमजोर होत नाही, पण तुमचा अंदाज चुकतो. पावसाळ्यात वाळू ब्रासने विकत घेताना हाच फुगवटा तुम्ही वाळू म्हणून विकत घेता, म्हणून तेव्हा एक ब्रासच्या जागी सव्वा ब्रास धरावी.

कागदावरचं प्रमाण कितीही बरोबर असलं तरी कोरडी वीट ते बिघडवते. तीन किलोची वीट अर्धा लिटरहून जास्त पाणी पिऊ शकते. ते तिने मालातून ओढलं तर सिमेंटला घट्ट व्हायला पाणीच उरत नाही. म्हणून बुडबुडे थांबेपर्यंत विटा पाण्यात भिजवायच्या, आणि पाणी घातल्यापासून दोन तासांत माल संपवायचा. जेवणाच्या सुट्टीत घट्ट झालेला माल दुपारी पुन्हा पाणी मारून सैल केलेला दिसला तर तो टाकून द्यायला सांगा. त्यातल्या गोणीचे पैसे तसेही गेलेले असतात.

कंत्राटदाराशी कागद करताना बहुतेक जण फक्त "१:६" लिहून घेतात. त्याच्या शेजारी "सांधा १० मिलिमीटर, वाळू खोक्याने मोजणे" एवढं आणखी लिहून घ्या, आणि सिमेंट हजार विटांना साडेतीन गोण्यांच्या हिशोबाने आठवडाभर पुरेल इतकंच मागवा.